सात पोती बियाणं, पण कुठे?

सोयाबीनच्या बियाण्याची सात पोती आहेत, एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ती कुठे आहेत म्हणून विचारलं की उत्तरं वेगवेगळी यायची. दादा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे माळवदात. हे म्हणायचे, "काही आत, काही शेडात." आमच्या सालगड्याला, मामांना, नेमकं ठाऊक होतं, कारण पोती त्यांच्याच पाठीवरून गेली होती. पण त्यांना कुणी विचारत नव्हतं.

आमचं शेत लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. बारा एकर. त्यातलं नऊ एकर सोयाबीन, दोन एकर ऊस आणि एक एकर जनावरांसाठी कडवळ. लग्नाआधी मी तीन वर्षं लातूरला एका मेडिकलवर कामाला होते. तिथे गोळ्यांची एक पट्टी आली तरी नाव, बॅच, मुदत आणि कोणत्या कप्प्यात ठेवली हे लिहायचं. कप्पा लिहिला नाही तर ती पट्टी दुकानात असून नसल्यासारखी, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. सासरी आले आणि पाहिलं, इथे लाखाच्या वर माल पत्र्याखाली, कडब्याखाली, जिन्याखाली पडलेला आणि त्याची वही दादांच्या डोक्यात.

दोन वर्षांपूर्वी मृगात ऐन पेरणीच्या दिवशी डीएपी खताची दोन पोती कमी भरली. आणली होती, हे सगळे शपथेवर सांगत होते. सापडेनात. हे मोटारसायकल काढून औशाला गेले. दुकानात मशीनवर दादांचा अंगठा उठेना, आयुष्यभर खुरपं धरून रेषाच राहिल्या नाहीत बोटांना. मग ह्यांच्या नावावर 1350 प्रमाणे दोन पोती घेतली, तोवर दुपार झाली, भाड्याचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या वावरात निघून गेला. दिवाळीनंतर कडब्याची गंजी संपत आली तेव्हा तळाशी ती दोन पोती निघाली. दादा हसले. मला काही हसू आलं नाही.

तरी वही घातली ती त्यानंतरच्या पाडव्याला. दादांना ते आवडलं नव्हतं. "घरातल्या घरात लिहून ठेवायला लागलं म्हणजे माणसांवर विश्वास नाही," असं म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. मी मामांना सोबत घेतलं, पुतण्याला ताणकाटा धरायला उभं केलं, आणि सकाळी सात वाजता मोजायला सुरुवात केली.

पहिली अडचण अशी आली की जागांना नावंच नव्हती. "तिकडं कोपऱ्यात" असं वहीत लिहून काय उपयोग? आमचं जुनं घर माळवदाचं, तीन खणांचं. खण मोजायचे ते दारापासून, म्हणून दाराजवळचा एक, मधला दोन, बळदाकडचा तीन. शेडाला चार कोपरे आहेत, त्यांना विहिरीकडचा, गोठ्याकडचा, रस्त्याकडचा आणि उसाकडचा अशी नावं दिली. मामांनी चुन्याने भिंतीवर आकडे काढले. शेडाच्या कोपऱ्यांना आकडे दिले नाहीत, कारण तिथे सगळे दिशेनेच बोलतात. माणसं जसं बोलतात तशीच जागा लिहायची, नाहीतर वही वाचताना पुन्हा भाषांतर करावं लागतं.

दुसरी अडचण मापाची. दादांच्या हिशेबात "अर्धं पोतं" असतं. पण युरियाचं पोतं आता 45 किलोचं आणि डीएपीचं 50 किलोचं, मग अर्धं म्हणजे किती? बादलीने मोजू म्हटलं तर तेही फसवं. आमची दहा लिटरची बादली डीएपीने काठोकाठ भरली तर साडेनऊ किलोच्या आसपास, त्याच बादलीत युरिया साडेसात भरला. युरियाचा दाणा हलका. म्हणून फुटलेलं प्रत्येक पोतं ताणकाट्याला लावायचं आणि किलोत लिहायचं, असं ठरलं. बंद पोती नुसती मोजायची.

दुपारपर्यंत काय काय निघालं त्याची सगळी यादी देत नाही. कडब्याखालून निघालेली दोन डीएपी होतीच, दाबली की आत ढेकळं लागत होती. विहिरीकडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवलेलं युरियाचं एक पोतं दगड झालं होतं, पहारीने फोडावं लागलं. दगड झाला म्हणून युरियातला नत्र जात नाही, फोडून उसाला टाकता येतो. मी वहीत "दगड, उसाला हाताने, पेरणीयंत्रात नको" असं लिहिलं. हीच ओळ डीएपीच्या त्या दोन पोत्यांपुढे लिहिली नाही. ते पुढे भोवलं.

एक बाटली निघाली, चिठ्ठी नसलेली, अर्धी भरलेली, पिवळसर. मामा म्हणाले तणनाशक असेल, हे म्हणाले अळीचं असेल. चिठ्ठी नाही म्हणजे ते औषधच नाही. ती फडक्यात गुंडाळून, वर कागदावर "विष, वापरू नये" लिहून वेगळी बांधून ठेवली. बाकीच्या बाटल्या कुलपाच्या पेटीत घातल्या आणि मुदतीची तारीख वहीत उतरवली. पेटी खण तीनमध्ये होती. ती तिथून काढायला लावली, कारण बळदात घरच्या खाण्याची ज्वारी असते.

आता बियाण्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथे.

आमचं बियाणं घरचं होतं. त्याच्या आदल्या वर्षी निळ्या खुणचिठ्ठीचं, फुले संगम वाणाचं प्रमाणित बी आणून पेरलं होतं. सोयाबीनचं परागीकरण फुलातल्या फुलातच होतं, म्हणून घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. मळणीच्या वेळी थ्रेशरचा वेग कमी ठेवला होता, ऊन दिलं होतं, दाताखाली दाणा कट्ट वाजत होता. ज्यूटच्या पोत्यात पन्नास-पन्नास किलो भरून सात पोती बाजूला ठेवली. इथवर सगळं नीट होतं. मग मार्चमध्ये हरभरा घरात आला, त्याला जागा हवी म्हणून तीन पोती माळवदातून उचलून शेडात गेली. हे कुणी ठरवलं नव्हतं, झालं होतं. मोजणीत चार पोती खण दोनमध्ये फळीवर सापडली. शेडात विहिरीकडच्या कोपऱ्यात तीन पोती एकावर एक होती आणि सगळ्यात खालचं भिंतीला घासून जमिनीवर.

मी प्रत्येक पोत्याला खडूने आकडा दिला, 1 ते 7, आणि वहीत आकड्यापुढे जागा लिहिली. हे म्हणाले, एकच बी आहे, एकाच वावरातलं, वेगळे आकडे कशाला. मेडिकलमध्ये एकाच औषधाच्या दोन बॅचा वेगळ्या धरतात, ती सवय होती, एवढंच. तेव्हा माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं.

मे महिन्याच्या मध्यावर उगवण तपासली. कृषी सहायक दरवर्षी सांगून जातात, करतात थोडेच. मोंढ्यातले हमाल वापरतात ती परखी एका ओळखीच्या माणसाकडून आणली. ती पोत्यात वर, मध्ये, तळाला अशी तीनदा घालून दाणे काढायचे, म्हणजे पोत्याचं खरं रूप कळतं. वरच्यावर मूठभर घेतलं तर चांगलंच दिसतं. प्रत्येक पोत्यातून शंभर दाणे, निवडून नव्हे, येतील तसे. जुन्या बारदानाचे तुकडे धुऊन ओले केले, एका तुकड्यावर दहा ओळी, ओळीत दहा दाणे, दोन दाण्यांत बोटभर अंतर. वरून दुसरं ओलं बारदान, मग गुंडाळी करून सुतळी बांधली आणि पोत्याचा आकडा लिहिलेली चिठ्ठी अडकवली. सात गुंडाळ्या न्हाणीघराच्या सावलीत उभ्या केल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, थबथबायचं नाही, पाणी साचलं की दाणा कुजतो. सातव्या दिवशी सोडल्या.

मोजताना दादा जवळ येऊन बसले. त्यांनी सरसकट मोड आलेले सगळे मोजायला घेतले. मी म्हटलं, "दादा, ज्याचं मूळ आखूड आहे, ज्याची डाळ तडकलेली आहे, ते धरायचे नाहीत. ते बारदानावर उगवतात, मातीतून वर येत नाहीत." त्यांनी एक वाकडा मोड चिमटीत धरून उजेडात पाहिला, आणि बाजूला ठेवला.

माळवदातली चार पोती 77 ते 81 निघाली. शेडातलं वरचं 66, मधलं 63, तळाचं 48.

एकच बी, एकाच वावरातलं, एकाच दिवशी भरलेलं. फरक फक्त जागेचा आणि तोही दोन-अडीच महिन्यांचा. माळवदावर हातभर माती असते, एप्रिल-मेमध्ये बाहेर पत्रा तापून हात लावू देत नाही तेव्हा आत घोंगडी घ्यावीशी वाटते. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ आणि त्याच्या लगेच खाली कोंब. उष्णता आणि ओल, दोन्ही त्याला सोसत नाही. तळाच्या पोत्याचं कारण वेगळं होतं. मार्च-अखेरच्या अवकाळीत पत्र्याच्या जोडातून पाणी भिंतीवरून उतरलं होतं. पोतं वरून कोरडं होतं, पण तळाच्या शिवणीत बोट घातलं तेव्हा दाणे एकमेकांना चिकटलेले लागले, रंग मेलेला आणि वास कुबट. हे आम्हाला मार्चमध्येच कळलं असतं, जर कुणी तळाचं पोतं उचललं असतं.

जागा न लिहिता सातही पोती एकत्र ओतून पेरली असती तर काय झालं असतं, ते मी कागदावर काढून पाहिलं. सगळ्यांची सरासरी सत्तरच्या आसपास येते, म्हणजे सरासरीने बियाणं पास. पण वावरात सरासरी पेरली जात नाही. पेरणीयंत्राच्या पेटीत ज्या वेळी 48 चं बी पडलं असतं, त्या वेळच्या एक-दीड एकरात रान विरळ दिसलं असतं आणि आम्ही पावसाला बोल लावला असता.

पुढचा हिशेब सोपा होता. सत्तर टक्के उगवणीला एकरी 30 किलो बियाणं धरतात. त्याखाली प्रत्येक टक्क्याला साधारण अर्धा किलो वाढवायचं आणि साठच्या खाली गेलं तर ते पेरायचं नाही. माळवदातलं दोनशे किलो होतं, त्यातलं 180 सहा एकरांना, एकरी 30 प्रमाणे. उरलेल्या तीन एकरांना शेडातली दोन पोती. 66 च्या पोत्याला एकरी 32, म्हणजे दीड एकराला 48 किलो. 63 च्याला साडेतेहेतीस, म्हणजे दीड एकराला पन्नास, अगदी पोतंभर. माळवदातले वीस किलो मागे ठेवले, न उगवलेल्या जागी नांग्या भरायला. आणि 48 चं पोतं वाळवून, निवडून मोंढ्यावर धान्य म्हणून विकलं. विकता आलं, कारण अजून बीजप्रक्रिया केलेली नव्हती. एकदा औषध चोळलं की ते बी पेरायचं नाहीतर पुरायचं, विकता येत नाही. तपासणी पेरणीच्या आदल्या रात्री करून चालत नाही, हे त्यासाठीही.

वापराची नोंद ठेवण्यात मात्र मी आधी दोनदा तोंडावर पडले.

पहिल्यांदा वही घरात ठेवली, फळीवर, पेनसकट. उसाला युरिया टाकायचा होता त्या दिवशी सकाळी सहाला मामा तीन पोती घेऊन गेले, मी चुलीपाशी. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले तीन का चार, आठवेना. मग पुतण्याने मोबाइलवर तक्ता करून दिला, रंगीत, बेरीज आपोआप. तो चार दिवस चालला. खताने भरलेल्या हाताने मोबाइल कोण काढणार, आणि मामांकडे तसला मोबाइलही नाही.

मामांनीच मग उपाय काढला, त्यांना तो उपाय वाटलाही नसेल. ते म्हणाले, "ताई, लिहायचं कशाला, रिकामी बारदानं आणून टाकतो, तुम्ही मोजा." बस. तेव्हापासून नियम असा आहे की वावरात गेलेल्या प्रत्येक पोत्याचं रिकामं पोतं संध्याकाळी दाराशी यायला पाहिजे. फुटलेलं, अर्धवट राहिलेलं परत आणायचं आणि काट्याला लावायचं. सकाळी नेताना शेडाच्या दारावर खडूने एका पोत्याला एक रेघ, लिहिता न येणाऱ्यालाही जमते. रात्री जेवणं झाली की मी रेघा आणि रिकामी पोती जुळवते आणि वहीत चार गोष्टी लिहिते: काय, किती किलो, वावराच्या कोणत्या पट्टीत, शिल्लक किती. मग रेघा पुसते. पाच मिनिटं लागतात. पट्टी लिहायला सुरुवातीला मला कंटाळा यायचा.

त्या कंटाळ्याचं उत्तर पेरणीच्या पहिल्याच दिवशी मिळालं. जूनचा दुसरा आठवडा, चांगला शंभर मिलिमीटर पाऊस होऊन गेलेला, वापसा आलेला. सोयाबीनला आम्ही एकरी एक पोतं डीएपी देतो. पन्नास किलोच्या पोत्यात 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असतं, शिफारशीच्या जवळपास बसतं. पालाशाचं वेगळं, ते इथे सोडते. नऊ एकरांना नऊ पोती होती. दोन जुनी, कडब्याखालची, आणि सात नवी. मेडिकलमधला नियम माझ्या अंगात मुरलेला, जुना माल आधी काढायचा. म्हणून मी मामांना सांगितलं, आधी जुनी दोन न्या.

त्या दिवशी वरची पट्टी झाली, तीन एकर. संध्याकाळी दाराशी दोन रिकामी पोती आली आणि तिसरं फुटलेलं. काट्याला लावलं तर 43 किलो. मी पुन्हा लावलं. तीन एकरांत दीडशे किलो जायला पाहिजे होतं, गेलं होतं 107. हे म्हणाले, खताच्या पेटीचा दांडा कमी ठेवला असेल, ड्रायव्हर घाईत होता. बियाणं मात्र हिशेबाप्रमाणे बरोबर संपलं होतं. दांडा कमी असता तर सगळ्या ओळींना थोडं थोडं कमी पडलं असतं. मी पुतण्याला विचारलं, यंत्राला फण किती? सात. त्रेचाळीस म्हणजे दीडशेचे सातातले दोन भाग, अगदी काट्यावर.

रात्रीच बॅटरी घेऊन गेलो. खताच्या पेटीच्या तळाला सात भोकं असतात, त्यातल्या कडेच्या दोन भोकांवर डीएपीची ढेकळं बसून गच्च झाली होती. वरून बघताना पेटीतलं खत खाली जाताना दिसत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. ढेकळं अर्थातच जुन्या पोत्यांतली. ड्रायव्हरची काही चूक नव्हती. पोती फुटताना दाबून पाहिली असती, चाळणीतून काढली असती, तर हे झालं नसतं. "ढेकळं आहेत" हे मला पाडव्यालाच माहीत होतं, युरियापुढे लिहिलं आणि डीएपीपुढे नाही. गोळीत मुदत संपली की संपली, खतात मुदतीपेक्षा त्याचं रूप बघायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. आता वहीत जुन्या मालापुढे तारीख नसते, त्याची अवस्था असते. सुटं, ढेकळं, दगड, ओलं.

दुसऱ्या दिवशी पेटी धुऊन वाळवली आणि पेरणी सुरू झाली. विहिरीकडच्या आणि बांधाकडच्या दोन्ही पट्ट्यांत सहा एकरांना बरोबर सहा पोती गेली. वरच्या पट्टीत दर सात ओळींमागे दोन ओळी उपाशी राहिल्या होत्या. महिन्याभराने त्या नुसत्या नजरेने ओळखू येत होत्या, शेजारच्या ओळींपेक्षा चार बोटं खुज्या. उरलेलं 43 किलो वरून फेकून द्यावं असं दादांचं म्हणणं होतं. पण स्फुरद आपल्या काळ्या मातीत जिथे पडतं तिथेच बसतं, वरून फेकलेलं मुळापर्यंत जात नाही. म्हणून कोळपणीच्या वेळी त्या ओळींच्या कडेला सरी पाडून हाताने सोडलं. तीन बायकांनी दिवसभरात जेमतेम अर्ध्या एकरातल्या ओळी केल्या, मजुरी खताच्या वर गेली, तेव्हा थांबवलं. वहीत लिहिलं: "वरची पट्टी, हाताने 7 किलो, शिल्लक 36, उसाला."

अवजारांचं फार सांगण्यासारखं नाही. खुरपी मोजायची खटपट सोडून दिली, निंदायला येणाऱ्या बायका आपापली खुरपी आणतात आणि संध्याकाळी अदलाबदल होतेच. पण दोन गोष्टी लिहिल्याशिवाय चालत नाही. एक फवारणीचा पंप. आमच्याकडे दोन आहेत. त्या आधीच्या वर्षी उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेल्या पंपाने परसातल्या भेंडीवर मावा मारला, पंप खळबळून धुतलेला होता तरीही. चार दिवसांत भेंडीची पानं आकसली. तेव्हापासून तणनाशकाच्या पंपाला लाल दोरी आहे, तो गोठ्याकडच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगलेला असतो, दुसरा खण एकमध्ये. एकत्र ठेवायचेच नाहीत, म्हणजे अंधारातही चुकत नाही.

दुसरी गोष्ट उसनवारी. तुषारचे पाइप, मोठी ताडपत्री, ग्रीसगन, ही सतत कुणाकडे तरी असतात आणि ती असायलाच पाहिजेत, आपणही आणतोच की. पण बावीस पाइपांतले एकोणीस राहिले तेव्हा तीन कुणाकडे हे विचारायला चार घरं फिरावी लागली. एका घरी विचारलं म्हणून राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. म्हणून वहीच्या मागच्या पानावर उसनं गेलेलं लिहिते आणि पाइपांच्या तोंडाला निळा पट्टा मारून घेतला. त्या पानावर आलेलंही लिहिते, आमच्याकडे कुणाचं काय आहे ते. ते लिहायला लागल्यावर दादांचा विरोध मावळला. शेजारच्या तात्यांची पहार आमच्याकडे दोन वर्षं होती, हे त्यांना त्या पानावर वाचून कळलं. दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन देऊन आले.

ह्या वर्षी बियाण्याची सहा पोती ठेवली आहेत, सगळी खण दोनमध्ये, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, दोनावर तिसरं नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मामा तळाची पोती उचलून शिवणीत बोट घालून बघतात आणि मला सांगतात. हरभरा आला की जागेचा प्रश्न पुन्हा येणार. ह्यांचं म्हणणं, भाव येईपर्यंत हरभरा घरात थांबवावा. माझं म्हणणं, थांबवायचा तर शेडात थांबवा, त्याला पेरायचं नाही. त्यावर अजून ठरलेलं नाही.